लाल दोरा

गिरिजाबाईला कुणी विचारलं असतं, तर तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी कुणासाठी काय केलं ते मोजत बसत नाही. आणि ती खोटं बोलत नव्हती. वहीत ती काही लिहीत नव्हती, शेजारणीपाशी बोलत नव्हती, नवऱ्याच्या कानाशीही कधी लागली नव्हती. फक्त तिला सगळं लक्षात राहायचं. कुठल्या साली कोण आजारी होतं, कुणी रात्री उठून पाणी दिलं, कुणी सणाला घरी यायचं टाळलं, आणि त्या दिवशी आपण काय सोडून दिलं होतं, हे तिला तारीखवार सांगता आलं असतं. अडचण एवढीच, की हे तिला कुणी कधी विचारलंच नाही.

हसनाबादच्या शिवारात या घराचं दहा गुंठ्यांचं शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव, आहे. आत मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. घरात दोघी जावा: थोरली गिरिजाबाई आणि धाकटी ज्योत्स्ना. गिरिजाबाईचा नवरा राधाकिसन, बोलायला कमी आणि झोपायला पुढे. धाकटा दीर ओमप्रकाश, त्याच्या उलट. शेडनेट त्याच्याच डोक्यातून निघालेलं, म्हणून आतली शिस्तही त्याचीच. सोळा ओळी. चार गिरिजाबाईच्या, चार ज्योत्स्नाच्या, बाकीच्या गावातल्या बायकांच्या.

काम ऐकायला सोपं आहे. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच ओळखायची, चिमट्यानं तिच्या पाकळ्या आणि परागाच्या पिशव्या काढून टाकायच्या, मधली बारीक दांडी तेवढी ठेवायची आणि देठाला दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांचा पराग त्या दांडीला लावायचा. झालं क्रॉसिंग. कळी हुकली आणि आपोआप उमलली, तर तिचाच पराग तिच्यावर पडतो. त्याला इथं सगळे 'सेल्फ' म्हणतात, आणि ते फूल खुडून फेकायचं असतं. दोरा नसलेलं फळ झाडावर ठेवायचं नाही. दोरा म्हणजे शब्द दिल्यासारखं: हे फूल मी नीट केलंय.

ओमप्रकाशनं प्रत्येकीला वेगळा रंग दिला होता. गिरिजाबाईचा हिरवा, ज्योत्स्नाचा लाल, बाकीच्यांचा पांढरा. चूक कुणाची ते कळावं म्हणून, असं तो उघडच म्हणायचा. ज्योत्स्नाला त्याची भीती नव्हती. तिच्या बोटांत जादू होती. बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस प्लॉट बघायला आला की बाकीच्या बायकांना म्हणायचा, त्या लाल दोऱ्याच्या ओळी बघा जरा. गावात ज्योत्स्नाचं नाव होतं ते या लाल दोऱ्यामुळेच.

आता गिरिजाबाईच्या डोक्यात काय काय जमा होतं ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही.

सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. तेव्हा ओमप्रकाश जालन्यात कामाला होता आणि ज्योत्स्ना तिकडे खोली करून राहायची. उचलणं, धुणं, भरवणं, सगळं गिरिजाबाईनं केलं. पाठ गेली ती तेव्हापासून. ज्योत्स्ना दिवाळीला यायची, सासूचे पाय चेपायची आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, धाकटी लई मायाळू. हे वाक्य गिरिजाबाईला बारा वर्षांनंतरही त्याच आवाजात ऐकू यायचं.

त्याच्याही आधी ज्योत्स्नाचं बाळंतपण. ज्योत्स्नाची आई दम्याची, म्हणून गिरिजाबाईनं सगळं अंगावर घेतलं. चाळीस दिवस शेक-शेगडी, आळीवाची खीर, रात्रीची जागरणं. त्याच महिन्यात गिरिजाबाईच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं आणि ती गेली नाही. आपण कशावर पाणी सोडलं ते तिनं सांगितलंही नाही. ज्योत्स्ना आपण होऊन विचारेल, याची ती वाट पाहत राहिली. ज्योत्स्नानं विचारलं नाही. ती मुलगी, अंजू, आता सतरा वर्षांची होऊन जालन्याला शिकतेय आणि गिरिजाबाई अजून वाट पाहतेय.

ज्योत्स्नाच्या बाजूला काहीच नव्हतं असं नाही. गिरिजाबाईची गर्भाची पिशवी काढली तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात अकरा दिवस ज्योत्स्नाच उशाशी होती. पण गिरिजाबाईच्या हिशोबात ते हलकं पडायचं. ती तर जालन्यातच राहायची, तिला काय लांब होतं? पुढे शेडनेट उभं राहिलं आणि ज्योत्स्ना शहरातली खोली, शिवणकामाची लागलेली गिऱ्हाइकं सोडून गावात आली. तेही हलकंच. नवरा आला म्हणून आली, माझ्यासाठी थोडीच आली? आपलं ते दगडासारखं जड आणि दुसरीचं कापसासारखं, असा तो काटा होता. तो वाकडा आहे हे गिरिजाबाईला कळायचं कसं? ती एकटीच तर तोलत होती.

शिवाय ती परीक्षाही घ्यायची. आज ही माझ्या पाठीचं विचारते का बघू. विचारलं तर सगळं विसरले. असं ती मनात ठरवायची आणि भाकरी थापत राहायची. ज्योत्स्नाला बिचारीला परीक्षा आहे हेच ठाऊक नसायचं. ती मोबाइलवर अंजूशी बोलत जेवायची आणि नापास होऊन उठायची. मग गिरिजाबाईची भांडी जरा जोरात आदळायची. "काय झालं, बाई?" ज्योत्स्ना विचारायची. "कुठं काय? काही न्हाई." हे काही न्हाई किती वेळा झालं, ते मात्र गिरिजाबाईनं मोजलं नव्हतं.

दिवाळीनंतर क्रॉसिंग ऐन भरात होतं. गिरिजाबाईच्या भावाकडे जागरण-गोंधळ होता. तिला जायचं होतं. तिनं दोनदा ज्योत्स्नासमोर भावाचा विषय काढला. तुम्ही जाऊन या, मी बघते, एवढं ज्योत्स्ना म्हणाली असती तरी बस होतं. ज्योत्स्ना म्हणाली, "हो का?" आणि चिमटा पुसू लागली. गिरिजाबाई गेली नाही. आठवड्यानं ज्योत्स्ना सकाळीच पिशवी घेऊन दारात उभी. तिच्या भावाच्या पोराचं बारसं आष्टीला.

"बाई, माझ्या चार ओळी बघता का दोन दिस? परवा दुपारी येतेच मी."

"जा की. बिलकुल जा," गिरिजाबाई म्हणाली. तोंडभर हसून म्हणाली.

ओमप्रकाश गाडी काढता काढता बायकोला म्हणाला, "जाय, पण ध्यानात ठेव. तुझ्या ओळीत सेल्फ निघालं ना, तर पुढच्या साली शेडनेटमधी पाय ठेवायचा न्हाई."

पहिल्या दिवशी गिरिजाबाईनं आपल्या चार ओळी केल्या, ज्योत्स्नाच्या दोन केल्या. शेवटच्या दोन ओळींपाशी आली तेव्हा पाठीतून कळ निघाली. ती खाली बसली. समोर उद्याच्या कळ्या टपोऱ्या दिसत होत्या. उठता आलं असतं. पडत-झडत का होईना, करता आलं असतं. पण बसल्या बसल्या सगळं एकेक करून वर आलं, गोंधळ, भाचीचं लग्न, मायाळू धाकटी, आणि तिला स्वतःचीच एवढी कीव आली की डोळे भरले. नाहीच करत, ती मनात म्हणाली. एवढं तरी माझं निघतंच हिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन ओळी पांढऱ्याशुभ्र फुलल्या होत्या. तीनशेच्या वर फुलं. खुडून टाकायची होती. पण खुडली असती तर दोन ओळी दोऱ्यांवाचून राहिल्या असत्या, आणि ओमप्रकाश रोज संध्याकाळी लांबूनच दोरे बघत फिरायचा; काल तेवढा तो आष्टीहून अंधार पडल्यावर परतला होता. वहिनींना दोन ओळी जमल्या नाहीत, असं झालं असतं. ते तिला नको होतं. तिनं उमललेल्या फुलांना वरून पराग लावला आणि भराभरा लाल दोरे बांधत गेली. हात थांबले तेव्हा दहा वाजले होते.

आणि त्याच क्षणापासून तिला भीती वाटू लागली.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना आली, थेट शेडनेटमध्ये गेली. गिरिजाबाई दाराशीच उभी. ज्योत्स्ना शेवटच्या दोन ओळींत वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "लई केलं बाई तुम्ही." आवाजात काही कळत नव्हतं. बारशाचे लाडू तिनं गिरिजाबाईच्या हातावर ठेवले.

आज सांगावं, तर आज तीनशे फुलं जातील. उद्या सांगू. उद्या ज्योत्स्ना त्याच ओळींत नव्या कळ्यांना लाल दोरे बांधत होती. आता चांगले दोरे आणि खोटे दोरे शेजारी शेजारी. चार दिवसांनी खोट्या फुलांच्या पाकळ्या गळाल्या, बारीक मिरच्या धरल्या, आणि खरी कुठली नि सेल्फ कुठली हे देवालाही ओळखू येईना. आता सांगायचं तर दोन ओळींतलं दोरा असलेलं सगळंच खुडावं लागणार होतं. गिरिजाबाई जितके दिवस गप्प बसली, तितक्या दिवसांची ज्योत्स्नाची मेहनत त्यात मिसळत गेली. बोलणं रोज महाग होत होतं.

कंपनीचा माणूस आला. चहा पिता पिता त्यानं शेजारच्या शिवारातल्या एका प्लॉटची गोष्ट सांगितली. सॅम्पलमधलं मूठभर बी पेरून बघतात, त्यात नको ती रोपं निघाली, सगळं बियाणं परत. पुन्हा त्या घराला प्लॉट नाही. "मूठ कुठून भरली जाईल, नशिबाचं काम," तो म्हणाला. ती मूठ गिरिजाबाईला मग दिवसाढवळ्या दिसायला लागली. पोत्यात हात जातोय, आणि बरोबर त्याच मिरच्यांचं बी बोटांत येतंय.

सॅम्पल फेल झालं तर ओमप्रकाश ओळी आठवेल. बारशाला कोण गेलं होतं ते आठवेल. लाल दोरा ज्योत्स्नाचा. तिला तो शेडनेटबाहेर काढेल, आणि ती कुणाकडे बोट दाखवेल? की दाखवणार नाही? दोन्हींची गिरिजाबाईला सारखीच भीती वाटत होती.

भीतीनं ती फेडायला लागली. ज्योत्स्नाची धुणी धुवून टाकायची, दुधाची साय तिच्या वाटीत जास्त घालायची, सकाळी तिच्या आधी उठून पाणी तापवायची. आणि खोड कशी असते बघा. महिनाभरानं एके सकाळी ज्योत्स्ना गरम पाणी घेऊन न बोलता निघून गेली, तेव्हा गिरिजाबाईच्या मनात आलं, एवढं करतेय मी, हिला त्याचं काहीच नाही! स्वतःचाच हा विचार ऐकून तिला दरदरून घाम फुटला.

ज्योत्स्ना हल्ली बोलायची कमी. बघायची मात्र. भाकरी वाढताना, दोरे कापताना, मध्येच नजर वर करून बघायची, जणू काही विचारल्यासारखं. गिरिजाबाई नजर चुकवायची. हिला ठाऊक आहे. नाही, ठाऊक असतं तर गप्प बसली असती का? मिरच्या हिरव्याच्या लाल झाल्या. जानेवारी संपत आला.

तोडणी उद्यावर आली. एकदा सगळ्या ओळींच्या मिरच्या एका ढिगात पडल्या की संपलं. दुपारी ओमप्रकाश क्रेट आणायला भोकरदनला गेला. राधाकिसन घरी आडवा. ज्योत्स्ना शेडनेटमध्ये एकटीच, बिनदोऱ्याची चुकार फळं खुडत होती. गिरिजाबाई दारातून आत आली. पळून जावं असं वाटत होतं आणि जायला जागा नव्हती.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली. "त्या शेवटच्या दोन ओळी. तू आष्टीला गेल्तीस तवाच्या."

ज्योत्स्ना सरळ झाली.

"मी कळ्या सोलल्याच न्हाईत. फुलं उमलल्यावर दोरे बांधले. तुझे."

ज्योत्स्ना हातातली मिरची बघत राहिली.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"कवापासून?"

"आले त्याच दिवशी. पाकळ्या शाबूत अन् देठाला दोरा. मला कळणार न्हाई का, बाई?"

"मंग तवाच का न्हाई खुडून टाकलंस? घंट्याभराचं काम होतं."

"तुम्ही सांगता का, ते बघून राह्यले होते." ज्योत्स्नाचा आवाज तापला. "म्हणलं संध्याकाळी सांगतील. सांगितलं की हसून खुडून टाकू. मंग म्हणलं उद्या सांगतील. मीबी हट्टाला पेटले. अन् मंग माझेच इतके दोरे त्यात बांधले गेले, की मलाच बोलायची चोरी झाली. यांना काय सांगू? दोन महिने बघत बसले म्हणून?"

दोन महिने दोघी एकाच चुलीवर जेवत होत्या, आणि दोघींना ठाऊक होतं, आणि दोघीही घर बुडताना बघायला तयार होत्या. गिरिजाबाईला आपल्या करणीची भीती वाटत होती, पण ही भीती वेगळी होती. समोरच्या बाईतही आपल्यासारखंच कुणीतरी बसून मोजतंय, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"एवढा राग होता तुला माझा?" ती म्हणाली. "मी तुझं काय कमी केलं? चाळीस दिस तुझं बाळंतपण केलं. भाचीचं लगन सोडलं त्याच्यापायी. तू एका शब्दानं विचारलं न्हाईस."

सतरा वर्षांनी ते शेवटी तोंडाबाहेर पडलं होतं. आता ज्योत्स्ना रडेल, हात धरेल, असं तिला वाटलं.

ज्योत्स्ना रडली नाही. "लगन होतं? मला कुणी सांगितलं, बाई? अन् तुम्हाला करा म्हणलं कुणी?" ती म्हणाली. "माझी आई पिशवी भरून बसली होती. दमा काय रोज नसतो. तुम्ही माझ्या भावाला फोन करून सांगितलं, तिला आणू नका, इथं समदं बराबर चालू हाय. चाळीस दिस मी दाराकडं बघत होते. दोन महिन्यांनी आई गेली. अंजूला तिनं एकदाच मांडीवर घेतलं. मी कवा बोलले का तुम्हाला?"

ते बाळंतपण म्हणजे गिरिजाबाईकडची सगळ्यात जड गोष्ट होती. तिच्यावर तर बाकी सगळं रचलेलं होतं. आणि ती दुसरीच्या मनात इतकी वर्षं जखम म्हणून जपलेली होती. फोन केला होता खरा. आठवलं तिला. त्या वेळी आपल्याला किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मला वाटलं, त्या माउलीला त्रास नको."

"तेच तुम्ही मला विचारायला पायजे होतं ना."

ज्योत्स्नानं पदरानं नाक पुसलं, रिकामी पाटी उचलली आणि शेवटच्या दोन ओळींत शिरली. तिनं पहिली मिरची तोडली, लाल दोऱ्याची. कदाचित तिनंच नीट केलेली, कदाचित नाही. गिरिजाबाई समोरच्या बाजूनं लागली. पाठ दुखत होती, ती सांगून टाकावी असं वाटलं आणि तिनं सांगितलं. "पाठ लई दुखून राह्यली." "मंग बसून तोडा खालची," ज्योत्स्ना म्हणाली. त्यात माया होती की नुसती कामाची घाई, ते गिरिजाबाईला कळलं नाही. विचारावं, तर तेवढं बळ अजून आलं नव्हतं.

पाचवी पाटी भरत असताना बाहेर गाडी थांबली. ओमप्रकाश क्रेट घेऊन आत आला आणि जागीच थबकला. बांधावर लाल मिरच्यांचा ढीग, दोन ओळी अर्ध्या उघड्या. त्यानं वाकून एक फळ उचललं, देठाचा दोरा बघितला. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग चढत गेला.

"हे काय?" तो बायकोकडे वळून ओरडला. "मी म्हणलो होतो का न्हाई तुला? बारशाला जातीस! दोरा लाल हाय ना हा? लाल हाय ना?"

ज्योत्स्नानं मान खाली घातली. तिनं गिरिजाबाईकडे बघितलंसुद्धा नाही. या खेपेला ती वाटही पाहत नव्हती, आणि तेच गिरिजाबाईला सहन झालं नाही.

"ओमप्रकाश," ती उठत म्हणाली, "दोरा तिचा हाय. पण बांधला मी."